इंजिन बिघडलं, कर्ज डोक्यावर: अंतराळातल्या तस्करांची कथा कशी रचावी

तस्करीचं जुनं जहाज, बिघडलेलं इंजिन, डोक्यावर कर्ज आणि सतत एकमेकांची खेचणारी चार माणसं. स्पेस ऑपेरातली ही मांडणी इतकी जुनी आहे की वाचक ती पहिल्या पानावरच ओळखतो. 'स्पेस ऑपेरा' हा शब्दसुद्धा विल्सन टकर या अमेरिकी लेखकाने १९४१ मध्ये घासून गुळगुळीत झालेल्या अंतराळकथांना नावं ठेवण्यासाठीच काढला होता. तरीही ही मांडणी टिकून आहे, कारण तिच्यात कुणाला उठून निघून जाता येत नाही. कितीही भांडण झालं तरी रात्री जेवायला त्याच टेबलाशी यावं लागतं.

अशा कथांचे मराठी खर्डे मी बरेच वाचले आहेत, काही लिहिलेही आहेत. जहाज जमतं, ग्रह-तारे जमतात, अडतं ते संवादांवर. माणसं एकमेकांना टोमणे मारतात, पण ती डब केलेल्या सिनेमात बोलावीत तशी बोलतात, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं तरी फरक पडत नाही. मग लेखक संवादच पुन्हा पुन्हा घासत बसतो. माझा अनुभव असा की दोष संवादात नसतो. इंजिनाचं नेमकं काय बिघडलंय आणि कर्ज नेमकं कुणाचं आहे, हे ठरलेलं नसतं, म्हणून माणसांना बोलायला विषयच नसतो. त्यामुळे खाली जो क्रम देतो आहे त्यात थट्टा शेवटी येते. आधी इंजिन, मग कर्ज, मग कोण कुणाला कशी हाक मारतं, आणि त्यानंतर प्रसंग. उदाहरण एकच घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. जहाजाचं नाव 'खंड्या'.

पहिली पायरी: इंजिनाला आता काय जमत नाही ते ठरवा

'इंजिन बंद पडलं' एवढ्यावर कथा उभी राहत नाही. घाटात ट्रक बंद पडला तर तो थांबतो. अंतराळात जहाज थांबत नाही. हवा नाही, रस्ता नाही, घर्षण नाही, त्यामुळे ते ज्या वेगाने चाललं होतं त्याच वेगाने पुढे जात राहतं. म्हणजे प्रवासाच्या मध्यावर इंजिन बिघडलं तर खरं बिघडतं ते थांबणं. जहाज गोदीपर्यंत वेळेवर पोहोचेल, फक्त तिथे थांबणार नाही. ही एक गोष्ट नीट पकडली की प्रसंगाला आपोआप घड्याळ मिळतं.

खंड्याचं घड्याळ असं मांडू. गोदी ५ लाख किलोमीटरवर आहे आणि जहाज तिच्याकडे सेकंदाला १२ किलोमीटर या वेगाने चाललं आहे. इंजिन पूर्ण ताकदीने उलटं चालवलं तर वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. म्हणजे थांबायला १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं लागतील आणि तेवढ्यात जहाज ७२,००० किलोमीटर पुढे गेलेलं असेल. उरलेलं ४,२८,००० किलोमीटर अंतर आहे त्या वेगाने कापायला ९ तास ५४ मिनिटं लागतात. ही शेवटची घटका. त्यानंतर ब्रेक लावला तर गोदी मागे पडणार.

इंजिन अर्ध्याच ताकदीने चालणार असेल तर थांबायला दुप्पट वेळ आणि दुप्पट अंतर लागतं: ६ तास ४० मिनिटं आणि १,४४,००० किलोमीटर. अशा वेळी ब्रेक ८ तास १४ मिनिटांनीच लावायला हवा. ८:१४ आणि ९:५४ हे दोनच आकडे वाचकाच्या डोक्यात राहिले पाहिजेत. बाकीचा हिशेब वहीत ठेवा, कथेत आणू नका. पण करा मात्र नक्की, कारण या दोन आकड्यांच्या मधल्या १०० मिनिटांत तुमचा सगळा प्रसंग घडणार आहे.

आता अर्धी ताकद का? इथे मला आवडतो तो उष्णतेचा मुद्दा, कारण तो खरा आहे आणि कुणालाही कळतो. पृथ्वीवर गरम इंजिनाची उष्णता हवा घेऊन जाते. पोकळीत हवा नाही. उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे तव्यासमोर हात धरला की जी झळ लागते तशी, बाहेर पडू शकते. म्हणून इंजिनातली उष्णता द्रवातून मोठ्या पंखांसारख्या पत्र्यांपर्यंत न्यावी लागते आणि तो द्रव फिरवायला पंप लागतात. खंड्यावर असे दोन पंप आहेत. एकाचं बेअरिंग गेलं आहे. एका पंपावर इंजिन अर्ध्या ताकदीनेच चालवता येतं, नाहीतर ते वितळेल.

बेअरिंगसारखी साधी, हातात मावणारी वस्तू मी मुद्दाम निवडतो. 'क्वांटम कंपनक' बिघडलं असं लिहिलं तर कुणीही काहीही करून ते दुरुस्त करू शकतो आणि वाचकाला भीती वाटत नाही. बेअरिंग कसं जातं ते आपल्या गावातल्या पाण्याच्या मोटारीवरून ठाऊक असतं: आधी बारीक शिट्टी, मग खरखर, मग चटका बसेल इतकं अंग तापतं, मग जाम. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवून मूठ कानाला लावतो आणि आतली खरखर ऐकतो. बाहेरच्या पोकळीत आवाज जात नसला तरी धातूतून तो जातो, त्यामुळे ही युक्ती खंड्यावरही चालेल.

सुटा भाग बरोबर नाही. पण त्याच मापाचं बेअरिंग जहाजावर आणखी एका ठिकाणी आहे: मालाच्या शीतपेटीच्या पंपात. खरी दुरुस्ती अशीच होते, जवळच्या गोष्टींतून. १९७० मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी चौकोनी गाळण्या गोल जागेला जोडल्या त्या प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून. मात्र एक नियम पाळा. एका जागी भाग लावायचा तर दुसऱ्या जागेवरचा काढावा लागला पाहिजे, आणि ती दुसरी जागा कुणाला तरी प्रिय असली पाहिजे.

दुसरी पायरी: कर्ज नेमकं कुणाच्या सहीवर आहे

बहुतेक खर्ड्यांत कर्ज म्हणजे एक मोठा आकडा आणि एक क्रूर सावकार असतो. एवढ्याने धाक निर्माण होतो, पण नाती दिसत नाहीत. नाती दिसण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. कर्ज कशासाठी काढलं? रोख्यावर सही कुणाची? आणि सावकाराला आजच पैसे का हवेत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आपल्याच जुन्या कायद्यात सापडलं. दामदुपटीचा नियम सांगतो की सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात हा नियम ब्रिटिश काळातही मानला जाई. तो मी खंड्याच्या जगात तसाच नेला. आता हिशेब बघा. मुद्दल ४० लाख मोहरा, व्याज दरमहा शेकडा ३, म्हणजे महिन्याला १ लाख २० हजार. ३३ महिने काहीच फेडलेलं नाही, म्हणून व्याज साचलं ३९ लाख ६० हजार. पुढच्या महिन्यात ते ४० लाखांवर पोहोचेल आणि तिथेच अडेल. तोवर थांबण्यात सावकाराचा फायदा होता, आता थांबण्यात काहीच मिळत नाही. म्हणून तो आज जहाज मागतो आहे. तो क्रूर असण्याची गरजच उरत नाही. तो फक्त हिशेबी आहे, आणि हिशेबी माणसाची विनवणी करता येत नाही.

व्याज भरून टाकलं तर कर्ज पुन्हा नव्याने वाढू लागतं आणि सावकार गप्प बसतो. त्यासाठीच ही खेप आहे. माल आहे इन्सुलिन. गोदीतला दलाल ४५ लाख देणार, पण एका अटीवर: शीतपेटीची तापमानाची नोंद अखंड हवी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. पेटी बंद झाली म्हणून ते लगेच फुकट जात नाही. बहुतेक प्रकार साध्या खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतात, गोठलं तर मात्र निकामी होतं. म्हणजे शीतपेटीचं बेअरिंग काढलं तरी औषध चांगलंच राहील, फक्त नोंद तुटेल आणि दलाल २७ लाखच देईल. १८ लाखांचं नुकसान आणि व्याजाला १२ लाख ६० हजार कमी. माल 'नष्ट होतो' यापेक्षा हे मला जास्त आवडतं. औषध चांगलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी किंमत पडते, आणि त्या रागाला कुठे जायला जागा नसते.

आता सही. कर्ज घेतलं कप्तानाने, जहाज सोडवायला. जामीन राहिला म्हातारा इंजिनवाला. पैसे भरले नाहीत तर त्याच्या नावावर जे काही आहे ते आधी जाणार. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. थट्टा उगवते ती अशा न बोललेल्या गोष्टीभोवती. आपल्याकडे १८७५ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. कागदावरची सही माणसाला कशी जखडते हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सही दाखवा, पुरे.

तिसरी पायरी: कोण कुणाला काय म्हणतं

मराठीत लिहिणाऱ्याकडे इथे एक हत्यार आहे आणि बहुतेक जण ते म्यानातच ठेवतात. प्रत्येक वाक्यात आपल्याला तू आणि तुम्ही यातलं एक निवडावंच लागतं. शिवाय अरे, अगं, अहो आहेत, काका, ताई, भाई आहेत, लाडाचं आणि रागाचं नाव आहे. दोन माणसांचं नातं वाक्याच्या पहिल्या शब्दात कळतं, आणि नातं हललं की तोच शब्द आधी हलतो.

जहाजावरचे हुद्दे मी कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटींवरून घेतले. तिथे मालक तो नाखवा, बोट चालवणारा तो तांडेल आणि बाकीचे खलाशी. अनेक बोटींवर ठरलेल्या पगाराऐवजी खर्च वजा जाता वाटा मिळतो. तस्करांच्या जहाजाला हीच पद्धत शोभते, कारण वाट्यावर काम करणाऱ्या माणसाला इंजिनही आपलंच वाटतं आणि कर्जही.

खंड्यावर चौघे आहेत. वेणू ही तांडेल, वय पंचेचाळीसच्या पुढे. भिकाजी इंजिन सांभाळतो, साठी ओलांडलेला, मधुमेही. तो तिच्या वडिलांबरोबर काम करायचा. तो वेणूला एरवी 'पोरी' म्हणतो आणि जहाजाबाहेरचा माणूस समोर असेल तेव्हाच 'तांडेल, तुम्ही' म्हणतो. ती त्याला कायम 'काका, तुम्ही'. जाफर जहाज हाकतो. तो वेणूचा शाळेपासूनचा मित्र, तिला 'वेणे' म्हणणारा एकटाच. आणि सोनू, एकोणीस वर्षांचा, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणारा आणि कधीही गप्प न बसणारा.

हे असं चार ओळींत लिहून भिंतीवर चिकटवा. पुढे खर्डा तपासताना प्रत्येक हाक या ओळींशी ताडून पाहायची. जिथे हाक बदलली आहे तिथे एकतर तुमची चूक आहे किंवा कथेतली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे.

चौथी पायरी: थट्टेला काम द्या

पहिला खर्डा बहुधा असा होतो:

"तुझं हे भंगार जहाज एक दिवस आपल्याला मारणार," जाफर म्हणाला.
"भंगार तू आहेस," वेणू म्हणाली.
"तुम्ही दोघं लग्न का करत नाही?" सोनू हसत म्हणाला.

हे वाचताना अडखळायला होत नाही, पण हाती काही लागत नाही. कोणतंही जहाज, कोणतीही तीन माणसं चालतील. जाफरला वेणूबद्दल असं काहीच माहीत दिसत नाही जे आपल्याला माहीत नाही. आणि हे बोलताना कुणाचे हात कशात गुंतलेले नाहीत. खऱ्या कामाच्या जागी, गॅरेजमध्ये, बोटीवर, स्वयंपाकघरात, माणसं समोरासमोर उभी राहून विनोद करत नाहीत. हात चालू असतात आणि तोंडही.

थट्टेचं एक वाक्य लिहिलं की मी त्याला दोन गोष्टी विचारतो. या वाक्यात असं काय आहे जे बरोबर राहिल्याशिवाय कळलं नसतं? आणि या वाक्याच्या आडून दुसऱ्यासाठी काय केलं जातंय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असेल तर तो टोमणा आहे, थट्टा नव्हे. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगाच नाही. टोमणा माणसाला एकटं पाडतो. थट्टा त्याला टेबलाशी ओढून आणते.

म्हणून खंड्यावर मी एक धागा ठेवला: भिकाजीची साखर. त्याच्या चहावरून जाफर त्याला रोज छळतो. वरवर ही खोडी आहे. खरं तर जहाजावर त्याच्या तब्येतीवर नजर ठेवणारा तो एकटाच आहे, आणि हे त्या दोघांनी एकमेकांजवळ कधीच कबूल केलेलं नाही.

पाचवी पायरी: प्रसंग

पाचव्या तासाला वेणूला ठरवायचं आहे. शीतपेटी शाबूत ठेवून उरलेल्या एका पंपावर पावणेसात तास ब्रेक लावायचा, की शीतपेटी फोडून दुसरा पंप दुरुस्त करायचा? पहिल्यात पैसे वाचतात, पण तो पंप मध्येच बंद पडला तर जहाज गोदी ओलांडून जाईल. सगळं भिकाजीच्या शब्दावर आहे.

> भिकाजीने स्क्रूड्रायव्हरचं टोक उरलेल्या पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.
>
> "झोपलात का काका?" सोनूने विचारलं.
>
> "तू बोलायचा थांबलास तर पंप काय म्हणतो ते ऐकू येईल."
>
> "काय म्हणतो?"
>
> "म्हणतो, या पोराला पाना धरायला शिकवा."
>
> सोनूने पाना उलटा धरला होता. त्याने तो गुपचूप सुलटा केला.
>
> जाफर कप घेऊन आला. "बिनसाखरेचा आहे. तोंड वाकडं करायचं ते पिऊन झाल्यावर करा."
>
> "याला चहा म्हणतात? गरम पाणी आहे हे."
>
> "सकाळी किती होती?"
>
> "एकशेचाळीस."
>
> "काका."
>
> "एकशेऐंशी."
>
> "मग गरम पाणीच प्या," जाफरने कप त्याच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी धरेपर्यंत सोडला नाही.
>
> वेणू शिडीवरून खाली आली. "काका, हा एकटा किती वेळ चालेल?"
>
> भिकाजीने स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.
>
> "चालेल की, तांडेल. सात तास आरामात. तुम्ही शीतपेटीला हात लावू नका."
>
> वेणू त्याच्याकडे बघत राहिली.
>
> "सोनू, आपल्याशिवाय जहाजावर कुणी आहे का रे?"
>
> "कोण असणार?"
>
> "मग काका मला तांडेल का म्हणतायत?"
>
> कुणी हसलं नाही. भिकाजीने कप खाली ठेवला.
>
> "तीन तास, पोरी. फार तर चार. यालाही घरघर लागलीय."
>
> "आणि सात म्हणालात."
>
> "रोख्यावर सही माझी आहे."
>
> "जहाजावर जीव चार आहेत. जाफर, शीतपेटी बंद कर."
>
> "वेणे, अठरा लाख."
>
> "मोजता येतं मला."
>
> "माहितीय. चौथीत माझ्याच पाटीवरून उतरवायचीस," जाफर म्हणाला, पण तोवर तो शीतपेटीच्या खटक्यापाशी पोहोचला होता.

या प्रसंगाचं वळण एका हाकेवर आहे. भिकाजी खोटं बोलतो ते जामिनाच्या भीतीने, आणि खोटं बोलताना नकळत 'तांडेल, तुम्ही'वर जातो, कारण पोरीशी खोटं बोलणं त्याला जमत नाही. ते खोटं वेणू पंपावरून ओळखत नाही, हाकेवरून ओळखते. लेखकाने कुठेही 'त्यांचं नातं बापलेकीसारखं होतं' असं लिहिलेलं नाही, आणि लिहिलं तर प्रसंग पडेल. ही युक्ती चालायची असेल तर आधीच्या पानांत वाचकाने किमान दोनदा 'पोरी' ऐकलेलं हवं आणि एकदा तरी, एखाद्या जकात अधिकाऱ्यासमोर, 'तांडेल, तुम्ही' ऐकलेलं हवं. हे पेरणं विसरलात तर वेणूचा प्रश्न वाचकाला कोड्यासारखा वाटेल.

शेवटचं पाटीचं वाक्यही बघा. जाफर विरोध करतो, विनोद करतो आणि त्याच वेळी हुकूम पाळतो. तिन्ही एकदम. तिघांपैकी एकच ठेवलं असतं तर तो एकतर बंडखोर वाटला असता, नाहीतर विदूषक, नाहीतर नोकर.

सहावी पायरी: त्या १०० मिनिटांत गप्प राहा

दुरुस्तीला आठ-नऊ तास लागणार होते आणि पाच तास आधीच गेले होते, असं करू नका, हिशेब फसतो. निर्णय पाचव्या तासाला होतो म्हणून दुरुस्ती साडेचार तासांची ठेवा. म्हणजे ती साधारण साडेनवाला संपेल, ८:१४ नंतर आणि ९:५४ च्या आधी. ८:१४ उलटलं की अर्ध्या ताकदीचा पर्याय संपला. आता पंप बसलाच पाहिजे.

या पट्ट्यात बहुतेक लेखक थट्टा वाढवतात, धीर दाखवायला. उलट करा. अपोलो १३ वर टाकी फुटल्यावर जमिनीवर गेलेलं पहिलं वाक्य, 'आम्हाला इथे एक अडचण आली आहे' या अर्थाचं, अगदी साध्या आवाजातलं होतं. संकटात कामाची माणसं कमी बोलतात, आणि बोलतात ते कामाचंच. ज्यांची थट्टा वाचकाने शंभर ओळी ऐकली आहे ती माणसं गप्प झाली की भीती आपोआप येते. कधीही गप्प न बसणारा सोनू गप्प झाला की जास्तच.

कामाचं बोलणं मात्र बिनचूक हवं. बेअरिंग शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कड्यावर द्यायचा असतो. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली तर तो मार मधल्या गोळ्यांवर बसतो, खाचा पडतात आणि बेअरिंग पहिल्याच फेरीपासून कुरकुरतं. नवशिक्या नेमकी हीच चूक करतो. भिकाजीचे हात तोवर थरथरू लागले आहेत, म्हणून हातोडी सोनूच्या हातात आहे.

> "आतल्या कड्यावर," भिकाजी म्हणाला.
>
> सोनूने नळीचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवला.
>
> "आठ चौदा," वरून जाफरचा आवाज आला.
>
> कुणी उत्तर दिलं नाही. सोनूने एक ठोका मारला. मग दुसरा.
>
> "पाना," भिकाजीने हात पुढे केला.
>
> सोनूने दिला. सुलटा.

इथे लेखकाने 'सोनू आता त्यांच्यातला झाला' असं म्हणायचा मोह टाळावा. पाना आधी उलटा होता, आता सुलटा आहे, आणि ते पाहणारा भिकाजी काही बोलत नाही. तेवढ्यात सगळं आलं.

खर्डा तपासताना

सगळी नावं आणि 'म्हणाला, म्हणाली' झाकून संवाद मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. कळत नसेल तर विनोद बदलू नका, तिसऱ्या पायरीवरच्या चार ओळींकडे जा. बहुधा दोन पात्रं एकाच हाकेने बोलत असतात.

मग प्रत्येक विनोद खोडून पाहा. तो गेल्यावर एखादी माहिती, एखादं काम किंवा एखादी काळजी गेली नाही तर तो गेलेलाच बरा. साखरेच्या चार ओळी खोडल्या तर भिकाजी आकडे लपवतो हे जातं, आणि मग पंपाचे तास त्याने लपवणं अचानक वाटतं. एकशेचाळीस-एकशेऐंशी हा छोटा खोटेपणा सात तास-तीन तास या मोठ्या खोटेपणाची तालीम आहे. अशी जोडी सापडली की तो विनोद ठेवा.

शेवटी पैशाकडे परत या. इंजिन सुरू झालं म्हणून प्रसंग सुटकेच्या हशाने संपवू नका. व्याजाला अजून १२ लाख ६० हजार कमी आहेत आणि सही अजून भिकाजीचीच आहे. मी खंड्याचा प्रसंग ब्रेक लागल्याच्या धक्क्यावर तोडतो. टेबलावरचा गार झालेला कप घसरतो, जाफर तो पडायच्या आत पकडतो आणि न विचारता दुसरा चहा ठेवायला जातो, बिनसाखरेचा.